गाणं ऐकताना ठराविक जागेलाच अंगावर काटा का येतो?

प्रश्न: गाणं ऐकताना अंगावर सर्रकन काटा येतो तो नक्की कशामुळे? माझ्याकडे यमनच्या विलंबित ख्यालाचं एक जुनं रेकॉर्डिंग आहे, त्यात एका ठराविक जागेला मला दर वेळी काटा येतो, ती जागा पाठ असूनसुद्धा. बायको शेजारी बसून तेच ऐकते, तिला काहीच होत नाही. हे नॉर्मल आहे का?

उत्तर:

हो, दोघांचंही नॉर्मल आहे. आणि ती जागा पाठ असूनसुद्धा काटा येतो असं तुम्ही लिहिलंय, पण बरंचसं ती पाठ असल्यामुळेच येतो. हे असं का, ते जरा सावकाश सांगते. मी मेडिकलच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते, बोटांना इलेक्ट्रोड लावून गाणं ऐकवण्याची प्रॅक्टिकल्स बरीच वर्षं घेते आहे, आणि स्वतः गाणं शिकल्यामुळे कार्यक्रमात मागे तंबोऱ्यावरही बसते, त्यामुळे हा विषय मला दोन्हीकडून जवळचा आहे.

आधी कातडीत काय होतं ते बघू. आपल्या अंगावरच्या बहुतेक केसांच्या मुळाशी एक अगदी बारीक स्नायू तिरका चिकटलेला असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि मुळाभोवतीची कातडी वर उचलली जाते, तोच तो काटा. हा स्नायू हातापायाच्या स्नायूंसारखा नाही, तो आतड्याच्या किंवा रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूसारखा, म्हणजे आपल्या इच्छेने हलवता न येणारा. फार थोडे लोक मनात आणून काटा आणू शकतात, बाकी सगळ्यांच्या बाबतीत तो फक्त सिम्पथेटिक नर्व्हस सिस्टिमचं ऐकतो, म्हणजे धोका दिसला की छातीत धडधड करणारी, बाहुल्या मोठ्या करणारी जी यंत्रणा आहे तिचं. तिच्या नर्व्हच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटतं आणि स्नायू आखडतो. तळहात आणि तळपायाला केसच नाहीत म्हणून तिथे काटा कधीच येत नाही, पण त्याच क्षणी त्याच सिम्पथेटिक यंत्रणेच्या दुसऱ्या तारांनी तळहाताच्या घामाच्या ग्रंथींना निरोप गेलेला असतो, हात जरासे ओलसर होतात, इतके थोडे की आपल्याला कळत नाही पण मशिनला कळतं. आम्ही मोजतो ते हेच, दोन बोटांमधून अगदी हलका करंट सोडून कातडी किती वाहते ते बघायचं.

मांजर कुत्र्याला बघून फुगतं किंवा थंडीत पक्षी पिसं फुगवून बसतो ती हीच यंत्रणा. केस उभे राहिले की त्यांच्यात हवा अडकते आणि ऊब राहते, शिवाय प्राणी मोठा दिसतो. आपल्या अंगावरचे केस आता इतके विरळ आहेत की दोन्हीपैकी एकही काम धड होत नाही, पण वायरिंग तसंच राहिलंय.

इथे एक गोष्ट वेगळी करून ठेवते कारण बोलताना आपण सगळ्याला शहाराच म्हणतो. थंडीने जी हुडहुडी भरते, दात वाजतात, ती हातापायाच्या मोठ्या स्नायूंची थरथर असते, तिचा मार्ग पूर्ण वेगळा. गाण्याने येतो तो शहारा साधारण मानेच्या मागून किंवा डोक्याच्या मागच्या बाजूने सुरू होतो, खांद्यावरून दंडावर उतरतो आणि काही सेकंदांत ओसरतो. त्यात कधी काटा दिसतो, कधी आतून फक्त लहर जाते आणि कातडीवर काहीच दिसत नाही. जर्मनीत मथियास बेनेडेक आणि ख्रिस्तियान केर्नबाख यांनी 2011 च्या एका अभ्यासात हातावर सरळ कॅमेरा बसवून काटा टिपला होता, कारण माणूस ‘आला’ म्हणतो आणि कातडीवर खरंच येतो या दोन गोष्टी जुळतातच असं नाही. तेव्हा कोणी म्हणालं की मला शहारा येतो पण काटा दिसत नाही, तर तो खोटं बोलत नाहीये.

आता धोक्याची यंत्रणा गाण्यात का चालू होते? आपला मेंदू ऐकताना सतत पुढे धावत असतो, आता काय येणार याचा अंदाज बांधत असतो, आणि अंदाजापेक्षा वेगळं काही आलं, आवाज एकदम वाढला, नवीन आवाज शिरला, आलेला बदल अचानक असला, की मेंदूचा झटपट चालणारा भाग विचार न करता सावध होतो. अर्ध्या सेकंदाच्या आत तो निरोप खाली गेलेला असतो. मागोमाग सावकाश चालणारा भाग येऊन बघतो की अरे इथे धोका काहीच नाही, हे तर सुंदर आहे, पण तोवर नॉरअ‍ॅड्रेनलिन सुटलेलं असतं, ते काही परत घेता येत नाही. संगीताच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणारे डेव्हिड ह्युरन यांनी हे असंच मांडलंय, की आधी लागलेला धक्का आणि लगेच मिळालेली सुटका यांच्यातल्या फरकामुळे आनंद मोठा वाटतो.

हे नुसतं मांडणीपुरतं नाही. मॉन्ट्रियलमध्ये अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झाटोरे यांनी 2001 मध्ये गाणं-वाजवणं शिकलेल्या 10 जणांना, ज्याला ज्या संगीताने नक्की शहारा येतो तेच, ब्रेन स्कॅन चालू असताना ऐकवलं. शहारा जितका जोरात तितके ठोके आणि श्वास वाढत होते, मेंदूतले आनंदाचे, बक्षिसाचे भाग जास्त काम करत होते, आणि अमिग्डाला, जो भीतीशी बांधलेला भाग, तिथली हालचाल उलट कमी होत होती. म्हणजे अंगावर भीतीचं चिन्ह उमटतंय आणि आत भीतीचा भाग शांत होतोय. घाबरून आलेल्या काट्यात आणि गाण्याच्या काट्यात कातडीवर फरक दिसत नाही, फरक आत असतो.

आता तुमच्या यमनकडे येते. तुम्ही जागा कुठली ते लिहिलं नाहीये, पण विलंबितात लोक मला ज्या जागा सांगतात त्यात सगळ्यात जास्त वेळा एकच येते, बढत करत करत, म्हणजे एकेक स्वर वर चढत, गायक शेवटी तार षड्जावर, वरच्या ‘सा’वर, पोचतो ती. तीच उदाहरण म्हणून घेते, कारण ही जागा कशी रचली जाते ते अगदी पायरीपायरीने बघता येतं.

विलंबित एकताल धरा, 12 मात्रा. लय एकदम सावकाश असेल तर एका मात्रेला चार-पाच सेकंद जातात, म्हणजे एक आवर्तन 48 ते 60 सेकंदांचं, आणि प्रत्येक आवर्तनात गायक कुठेही फिरला तरी मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचंच असतं. म्हणजे दर मिनिटाला एकदा ऐकणाऱ्याला ‘आता येणार, आता येणार’ असं होतं आणि सम मिळते. हे पाच-सात वेळा झालं की ऐकणारा, त्याला ताल मोजता येत असो की नसो, त्या वेळाच्या मापात बसलेला असतो. पुढे सगळं या मापावर उभं राहतं.

त्याच वेळी स्वर वर सरकत असतात. मंद्र निषाद, षड्ज, रिषभ, मग गंधार, गंधार यमनचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर, त्यामुळे तिथे बराच मुक्काम. मग तीव्र मध्यम, पंचम, धैवत, आणि शेवटी मध्य सप्तकातला निषाद. आता निषादावर गायक थांबतो. इथून तार षड्ज अर्ध्या स्वरावर आहे, ज्याने आयुष्यात चार गाणी ऐकली आहेत त्या प्रत्येकाच्या कानाला तो निषाद वर ओढ लावतो. आणि गायक वर जात नाही. निषाद लांबवतो, धैवताला जाऊन येतो, पंचमावर उतरतो, मुखडा घेऊन सम घेतो. पुढच्या आवर्तनात परत तिथेच, या वेळी तार रिषभाला नुसता स्पर्श करून, षड्ज ओलांडून, परत निषादावर. यमनमध्ये षड्ज टाळून ‘नी रे ग’ असं जाणं हे त्या रागाच्या चलनातच आहे, त्यामुळे गायकाला ही ओढ ताणायला रागच मदत करतो. असं तीन-चार आवर्तनं चालतं, म्हणजे घड्याळात तीन-चार मिनिटं.

त्या तीन-चार मिनिटांत कानावर अजून एक गोष्ट चाललेली असते जी बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. समजा पुरुष गायक आहे, काळी एकमध्ये गातोय, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज. त्याचा मध्य षड्ज साधारण 138.6 हर्ट्झ, तार षड्ज दुप्पट म्हणजे 277. शुद्ध निषाद येतो 260 च्या आसपास. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा मध्य षड्जात लावलेल्या, पण जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झणकार, चांगली निघालेली असेल तर त्या तारांमधून वरचे स्वयंभू स्वर स्पष्ट ऐकू येतात, आणि त्यातला पहिलाच स्वर म्हणजे तार षड्ज, 277. म्हणजे गायक निषाद लावून उभा आहे 260 वर आणि तंबोरा सतत 277 बोलतोय, दोघांत फरक सुमारे 17 चा, आणि इतके जवळ असलेले दोन आवाज एकत्र वाजले की कानात सेकंदाला सतराएक वेळा थरथर होते. ती वेगळी ऐकू येत नाही, पण आवाजाला एक खरखरीत, अस्वस्थ कड येते. गायक षड्जावर पोचला की दोन्ही आकडे एक होतात, थरथर त्या क्षणी नाहीशी होते आणि गळा तंबोऱ्यात मिसळून जातो. मागे तंबोऱ्यावर बसलं की हे अंगाने कळतं, भोपळ्याला टेकलेल्या हातालासुद्धा.

म्हणजे तो षड्ज लागतो तेव्हा एकाच क्षणाला किती गोष्टी होतात बघा. तीन-चार मिनिटं अडवलेला स्वर मिळतो, खरखर जाते, गळा सप्तकाच्या वरच्या टोकाला असल्यामुळे आवाज वाढलेला असतो, आणि बहुतेक वेळा चांगला गायक तो षड्ज समेच्या जरा आधी किंवा बरोबर समेवर ठेवतो, तिथे तबल्याचा ‘धिं’ पडतो. यातली कुठलीही एक गोष्ट सुटी घेतली तर काटा येईलच असं नाही. माझ्या मते चारही एकत्र येण्यात ते आहे, आणि त्यातही सगळ्यात मोठा वाटा आधीच्या वाट बघण्याचा.

बोटांना इलेक्ट्रोड लावून हा भाग ऐकवला तर ग्राफ साधारण असा दिसतो. षड्जाच्या बऱ्याच आधीपासून, गायक निषादावर घुटमळत असतानाच, रेघ हळूहळू चढायला लागते. मग षड्ज लागल्यावर एक ते तीन सेकंदांनी एकदम उभी उडी. हा उशीर नर्व्हमधून निरोप जाऊन घामाच्या ग्रंथी भरेपर्यंतचा असतो, त्यामुळे उडी षड्जाच्या नंतर दिसली तरी तिचं कारण षड्जच असतं. आता इथे फसायलाही होतं. ऐकणाऱ्याने नुसता दीर्घ श्वास घेतला तरी अशीच उडी दिसते, म्हणून छातीला पट्टा लावून श्वास वेगळा मोजावा लागतो. ‘काटा आला की बटण दाबा’ असं सांगितलं तर बटण दाबण्यानेही थोडी उडी येते. आणि एसी जोरात असेल तर सगळंच वाया, थंडीने आधीच कातडी तयार बसलेली असते, मग कशानेही काटा येतो. कोणी मला सांगितलं की एसी हॉलमध्ये अमक्याच्या गाण्याने अंगभर काटा आला, तर मी आधी हॉलमध्ये किती गार होतं ते विचारते.

तुमच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग म्हणजे पाठ असूनही काटा का येतो. वरच्या सगळ्या गोष्टींमध्ये अचानकपणा हा मुद्दा आहे, मग शंभरदा ऐकलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अचानक काय उरलं? याची दोन उत्तरं आहेत आणि मला दोन्ही बरोबर वाटतात.

पहिलं असं की आपण ऐकताना एक नाही, दोन प्रकारचे अंदाज एकाच वेळी बांधत असतो. एक अंदाज या रेकॉर्डिंगच्या आठवणीतून, की आता पाचव्या आवर्तनात हा षड्ज लावणार. दुसरा अंदाज आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या गाण्यांच्या सवयीतून, की निषादावर इतका वेळ थांबल्यावर सहसा काय होतं. या दुसऱ्या अंदाजाला पहिल्याची आठवण पोचत नाही, तो प्रत्येक वेळी नव्याने सवयीप्रमाणेच चालतो, आणि म्हणून प्रत्येक वेळी त्याला हिसका बसतो. भाषेतही हे होतंच, एखादा पाठ असलेला अभंग म्हणताना पुढची ओळ माहीत असते तरी ती ओळ अर्धवट तोडली तर खटकतंच.

दुसरं उत्तर मेंदूच्या रसायनाचं आहे आणि ते परत मॉन्ट्रियलहूनच आलंय. व्हॅलोरी सलिमपूर, झाटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये शहारा नक्की येणारे लोक निवडले, त्यांच्या आवडीचं, शब्द नसलेलं संगीत घेतलं, आणि एक किरणोत्सारी पदार्थ टोचून स्कॅन केलं. हा पदार्थ मेंदूत डोपामाईन या बक्षिसाशी बांधलेल्या रसायनाच्याच जागांवर जाऊन बसतो, त्यामुळे जिथे डोपामाईन जास्त सुटलं तिथे त्याला बसायला जागा मिळत नाही आणि स्कॅनमध्ये तो भाग फिका दिसतो. त्यातून कळलं की आवडतं संगीत ऐकताना डोपामाईन खरंच सुटतं. पण या स्कॅनला वेळ लागतो, कुठल्या सेकंदाला काय झालं ते त्यात कळत नाही, म्हणून त्याच लोकांना दुसऱ्या, वेगवान स्कॅनमध्ये तेच संगीत ऐकवलं. तेव्हा दोन टप्पे वेगळे निघाले. शहारा येण्याच्या आधीचे काही सेकंद, म्हणजे जागा जवळ आली आहे हे कळलेलं असताना, कॉडेट नावाचा एक भाग जास्त चालत होता, आणि शहाऱ्याच्या क्षणाला न्यूक्लिअस अक्युम्बेन्स नावाचा दुसरा. म्हणजे वाट बघण्याचं बक्षीस वेगळं मिळतं आणि पोचण्याचं वेगळं.

आता विचार करा, जागा माहीतच नसेल तर पहिल्या टप्प्यातलं किती मिळेल? तुम्ही ती जागा ओळखता, म्हणून निषादापासूनच तुमचं शरीर तयारीला लागतं. पाठ असणं म्हणजे पहिला टप्पा पूर्ण मिळणं. पहिल्यांदा ऐकतानाही काटा येऊ शकतो, पण ओळख वाढली की तो वाढतो असं पुष्कळ लोकांच्या बाबतीत दिसतं. अर्थात हे कायम नाही, रोज सकाळ-संध्याकाळ तेच लावलं तर तो बोथट होतो, काही आठवडे बाजूला ठेवलं की बरेचदा परत येतो.

हे सगळं नुसतं ‘सोबत दिसलं’ एवढ्यावर थांबलेलं नाही हे मला महत्त्वाचं वाटतं. 2019 मध्ये लॉरा फेरेरी आणि बार्सिलोनाच्या गटाने 27 जणांना वेगवेगळ्या दिवशी एकदा डोपामाईन वाढवणारं औषध, एकदा डोपामाईनचं काम अडवणारं औषध आणि एकदा साधी निष्क्रिय गोळी देऊन संगीत ऐकवलं. वाढवणाऱ्या औषधाने संगीताचा आनंद आणि शहारे वाढले, अडवणाऱ्याने कमी झाले. त्याआधी, 1980 मध्ये, अ‍ॅव्हराम गोल्डस्टीन या अफूच्या द्रव्यांवर काम करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 10 जणांना मेंदूतली अफूसारखी द्रव्यं अडवणारं नॅलोक्सोन देऊन बघितलं होतं, त्यात तिघांचे शहारे कमी झाले. तिघंच, त्यामुळे त्यावरून फार काही बोलता येत नाही, पण डोपामाईन हा एकटाच खेळाडू नाही एवढं तेव्हापासून दिसतंय.

या अभ्यासांना मर्यादा आहेत आणि आपल्यासाठी एक मोठीच आहे. माणसं थोडी, आठ-दहा ते दोन-तीन डझन, आणि संगीत बहुतेक पाश्चात्त्य. जॉन स्लोबोडा यांनी 1991 मध्ये लोकांना विचारून काट्याच्या नेमक्या जागा गोळा केल्या होत्या, तेव्हा काट्याच्या जागी हार्मनीतला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीतला, अनपेक्षित बदल जास्त सापडला, आणि डोळ्यात पाणी येणाऱ्या जागी वरच्या स्वरावर टेकून मग खाली मूळ स्वरात सुटणाऱ्या जागा. आपल्या रागसंगीतात कॉर्डची हार्मनी नाहीच, तरी काटा येतो. म्हणजे हार्मनी हे कारण नसून अंदाज बांधायला लावण्याची ती एक पद्धत आहे, आपल्याकडे तेच काम अडवलेला स्वर आणि सम करतात. भजनात एकटा आवाज चालू असतो आणि एकदम सगळी मंडळी टाळ-मृदंगासकट उचलून धरतात तिथेही हेच. नवीन आवाज शिरणं आणि आवाज एकदम वाढणं, या दोन गोष्टी तिकडच्या अभ्यासातही काट्याच्या जागांवर वारंवार सापडल्या आहेत.

काट्याची एक भावनिक थिअरी पण सांगते कारण ती तुम्हाला वाचायला मिळेलच. याक पांकसेप यांनी 1995 मध्ये असं सुचवलं की करुण स्वर ऐकून आई-पिल्लाच्या ताटातुटीच्या हाकेला द्यायचा प्रतिसाद जागा होतो, एकटेपणाचा गारठा वाटतो आणि म्हणून काटा येतो. कल्पना मनाला भिडते, पण मला ती अपुरी वाटते. जोरकस, आनंदी तराण्यातही लोकांना काटा येतो, आणि करुण गाण्याने बरेचदा काटा न येता डोळे भरतात. जपानमध्ये काझुमा मोरी आणि माकोतो इवानागा यांनी 2017 मध्ये दोन्ही शेजारीशेजारी मोजलं, तर शहाऱ्यात शरीर उत्तेजित होतं आणि अश्रूंच्या वेळी शांत होत जातं असं दिसलं. दोन वेगळ्या वाटा आहेत त्या.

आता वहिनींबद्दल. मी वर सांगितलेल्या 2001 च्या प्रयोगात एक फार छान गोष्ट केली होती, एकाचं शहारा आणणारं संगीत दुसऱ्यासाठी ‘साधं संगीत’ म्हणून वापरलं होतं. आणि ते चाललं, म्हणजे एकाचा शहारा दुसऱ्यासाठी नुसतंच एक गाणं होतं. काटा गाण्यात भरून ठेवलेला नसतो, ऐकणाऱ्याच्या अंदाजात असतो. वहिनींचे कान लहानपणापासून दुसऱ्या संगीतावर घडले असतील तर निषादावर तुम्हाला जी ओढ वाटते ती त्यांना तितकी वाटत नसेल, किंवा गाणं चालू असताना त्यांचं लक्ष अर्धं दुसरीकडे असेल, त्यातही तीन-चार मिनिटांची वाट बघणी तुटून जाते. त्यांना दुसऱ्या कशाने येतो का ते विचारून बघा, कदाचित लावणीच्या ढोलकीने किंवा चर्चमधल्या कॉयरने येत असेल.

कशानेच येत नसेल तरी बिघडलं काही नाही. संगीत मनापासून आवडणाऱ्या कितीतरी लोकांना काटा येत नाही. 2016 मध्ये मॅथ्यू सॅक्स आणि सहकाऱ्यांनी नेहमी शहारे येणारे 10 आणि न येणारे 10 असे तुलना करून बघितले तेव्हा ज्यांना येतात त्यांच्यात ऐकण्याचा भाग आणि भावनेचे भाग यांना जोडणाऱ्या तारा जास्त भरीव होत्या. ते जन्माचं की ऐकून ऐकून झालेलं हे त्यातून ठरत नाही. एक वेगळा छोटा गट असाही आहे, शंभरात तीन ते पाच, ज्यांना कुठल्याच संगीतातून आनंद मिळत नाही, कान उत्तम, स्वर ओळखता येतात, पैसे जिंकले तर बाकीच्यांसारखाच आनंद होतो, पण गाण्याला ग्राफ सपाट. तो आजार नाही, आणि वहिनी शेजारी बसून ऐकतात म्हणजे त्यांचं तसं असेल असं मला वाटत नाही.

डॉक्टरला दाखवायची वेळ फार क्वचित येते, पण सांगून ठेवते. गाणं नाही, थंडी नाही, भावना नाही, आणि तरी झटके आल्यासारखा वारंवार काटा येतो, विशेषतः शरीराच्या एकाच बाजूला, किंवा त्याच्यासोबत काही क्षण भान हरपतं, विचित्र वास येतो, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावं. मेंदूच्या टेम्पोरल भागातल्या फिट्समध्ये हे क्वचित दिसतं. तुमचं वर्णन तसं अजिबात नाही.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर एक करा. रेकॉर्डिंगमधली ती जागा आणि तिच्या आधीचे दहा सेकंद एवढंच कापून घ्या आणि ऐका. मग दुसऱ्या एखाद्या दिवशी, तितकंच निवांत असताना आणि खोलीत फार गार नसताना, सुरुवातीपासून सगळं ऐकत त्या जागेला या. कापलेल्या तुकड्यात तार षड्ज तोच असतो, आवाज तोच, तबल्याचा ‘धिं’ तोच. तरी बहुतेकांना तिथे काटा येत नाही किंवा अगदी हलका येतो, मोबाईलवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये मोठ्या मोठ्या गायकांच्या जागा कोरड्या वाटतात त्या यामुळेच. क्रम एकदा उलटा करूनही बघा, म्हणजे आधी पूर्ण आणि नंतर तुकडा. नुकतंच पूर्ण ऐकलेलं असताना तुकड्यालाही काटा आला तर समजा की तुमच्या मेंदूने ती तीन-चार आवर्तनं आठवणीतून स्वतःच पुरवली. आणि हा प्रयोग वहिनींवर करायचा तर त्यांना आधी नुसता निषाद कुठे लागतो आणि गायक तिथून कसा परत फिरतो तेवढं दाखवा, षड्जाबद्दल काही बोलू नका, आणि मग पहिल्यापासून लावा.